क्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल: गोठणबिंदूवरून काढलेला α मला ७.५ टक्के, मैत्रिणीला १३ टक्के. कुठे बिनसलं?

सायली_टीवाय

नमस्कार. टीवायच्या फिजिकल प्रॅक्टिकलला आम्हाला मोनोक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल (ClCH₂COOH, मोलर मास ९४.५) दिलं होतं. १.८९ ग्रॅम आम्ल १०० ग्रॅम पाण्यात, म्हणजे ०.२ मोलॅल. पाण्याचा Kf १.८६ घ्यायचा. गोठणबिंदू किती खाली जातो ते बघायचं, त्यावरून मोलर मास आणि मग डिसोसिएशनचा अंश α.

मला ०.४० अंशाचा फरक मिळाला:

```
M = 1.86 × 1.89 × 1000 / (100 × 0.40) = 87.9
i = 94.5 / 87.9 = 1.075
α = i − 1 = 0.075
```

शेजारच्या टेबलावर मैत्रिणीने त्याच बाटलीतलं आम्ल तेवढंच घेतलं. तिचा फरक ०.४२ आला. मोलर मास ८३.७, i १.१२९ आणि α सुमारे १३ टक्के. त्यावरून Ka काढला तर माझा १.२ × १०⁻³ आणि तिचा ३.८ × १०⁻³, म्हणजे तिप्पट! तक्त्यात १.४ × १०⁻³ दिलाय. थर्मामीटर ०.१ अंशाच्या खुणांचा, मधलं भिंगाने वाचायचं. सर म्हणाले "दोन्ही लिहा, चर्चा करा". चर्चेत लिहू काय?

विरळ_द्रावण

सोपं आहे. द्रावण फार घट्ट घेतलंत. ०.२ मोलॅलला आम्ल जेमतेम फुटतं, त्यामुळे i एकाच्या जवळ राहतो आणि चूक मोठी दिसते. ऑस्टवाल्डचा नियम आठवा, पातळ केलं की α वाढतो. ०.०५ मोलॅल घ्या, α पंधरा टक्क्यांच्या वर जाईल आणि आकडा स्पष्ट मिळेल. मी क्लासमध्ये मुलांना नेहमी हेच सांगतो.

बारावीची_आई

मध्येच विचारते, राग मानू नका. लेकीच्या गणितात बेंझिनमध्ये बेंझॉइक आम्ल होतं. २ ग्रॅम आम्ल, २५ ग्रॅम बेंझिन, फरक १.६२, Kf ४.९. मोलर मास २४२ आलं, खरं तर १२२ हवं. तुमच्याकडे कमी येतंय, आमच्याकडे दुप्पट. ही पण डिसोसिएशनचीच चूक का? (i − 1)/(n − 1) मध्ये n = २ टाकलं तर उणे अर्धा येतो, आणि मुलगी रडकुंडीला आलीय.

खडूफळा

बारावीची_आई, तुमच्या मुलीचं गणित बरोबर आहे, सूत्र चुकीचं लावलंय. बेंझिनमध्ये बेंझॉइक आम्लाचे दोन रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून बसतात. कणांची संख्या घटते, गोठणबिंदू कमी उतरतो आणि मोलर मास फुगलेलं दिसतं. सूत्र पाठ करण्यापेक्षा कण मोजायला लावा. एक मोल आम्ल घेतलं, त्यातला α इतका भाग जोड्यांत गेला, तर सुटे राहिले १ − α आणि जोड्या झाल्या α/२. बेरीज १ − α/२, आणि तोच i. i = १२२/२४२ = ०.५०४, म्हणून α = २ × (१ − ०.५०४) = ०.९९. जवळजवळ सगळं आम्ल जोडीने फिरतंय. i एकाहून कमी दिसला की डिसोसिएशनचं सूत्र हातातच घ्यायचं नाही, एवढं तिला सांगा.

सायली, तुझ्या प्रश्नाकडे येतो. विरळ_द्रावण यांचं अर्धं बरोबर आहे. पातळ केलं की α वाढतो, हे खरं. पण तू α मोजत नाहीस, तू तापमान मोजतेस. ०.०५ मोलॅलला α साधारण ०.१५४ होईल, पण एकूण उतार होईल ०.१०७ अंश. आम्ल मुळीच फुटलं नसतं तर तो ०.०९३ असता. म्हणजे α जिच्यावर ठरायचा ती तफावत ०.०१४ अंशाची, आणि तुझ्या थर्मामीटरवर भिंगाने ०.००५ चुकणं सहज शक्य आहे. त्या चुकीने α पाच टक्क्यांनी खालीवर होईल, १५ चे १० किंवा २० दिसतील.

०.२ मोलॅलला हीच तफावत ०.४०२ वजा ०.३७२, म्हणजे ०.०३० अंश. तिथे ०.००५ ची चूक α मध्ये सव्वा टक्क्याची होते. आठ टक्क्यांत सव्वा टक्का हेही थोडं नाही, पण पंधरात पाचपेक्षा बरं. या प्रयोगात द्रावण पातळ करणं म्हणजे चूक वाढवणं.

विरळ_द्रावण

मग पुस्तकात सगळीकडे "अतिविरल द्रावणासाठी" का लिहिलेलं असतं?

खडूफळा

कारण ΔT = i·Kf·m हे सूत्र विरल द्रावणातच नीट लागू पडतं. दोन्ही ओढी खऱ्या आहेत. ०.५ मोलॅलला वाचन सोपं जाईल, पण मग सूत्रातला आदर्शपणाच सुटायला लागतो. कॉलेजच्या थर्मामीटरला ०.२ ही बरी तडजोड आहे.

पण मैत्रिणीचे १३ टक्के निव्वळ वाचनाच्या चुकीने आलेत असं मला वाटत नाही. सायली, एक सांग. बर्फ-मिठाच्या भांड्यात नळी ठेवल्यावर बर्फ धरायच्या आधी पारा किती खाली गेला होता? तुझा आणि तिचा, दोन्ही. नोंदवहीत दर अर्ध्या मिनिटाची वाचनं असतील.

गोकुळ

मी डेअरीच्या लॅबमध्ये आहे, सांगलीकडे. दुधात पाणी किती हे बघायला आम्ही रोज गोठणबिंदूच काढतो. चांगलं दूध शून्याखाली अर्ध्या अंशाच्या किंचित पुढे गोठतं, पाणी घातलं की आकडा शून्याकडे सरकतो. तुमच्या नमुन्यात पाणी जास्त झालं असेल ताई. मोजून घातलं होतं का?

सायली_टीवाय

@गोकुळ, पाणी वजन करूनच घेतलं होतं, दोघींनी. आणि पाणी जास्त झालं असतं तर फरक कमी आला असता ना? मैत्रिणीचा जास्त आलाय.

@खडूफळा सर, वही बघितली. माझा पारा उणे १ पर्यंत गेला, तेवढ्यात सरांनी बर्फाचा कण टाकायला सांगितला. मग वर आला आणि उणे ०.४० वर थांबला. मैत्रिणीने कण टाकला नव्हता. तिचा उणे ३.५ पर्यंत गेला आणि मग एकदम उसळून वर आला, उणे ०.४२ वर स्थिरावला. शुद्ध पाण्याचं वाचन दोघींचं शून्यच होतं. पण अतिशीतन तर पाण्यालाही झालं होतं, तेव्हा काही बिघडलं नाही.

खडूफळा

हेच हवं होतं. मैत्रिणीच्या वाचनाचा खुलासा त्या उणे साडेतीनमध्ये आहे.

द्रावण स्वतःच्या गोठणबिंदूच्या खाली ३.१ अंश गेलं. बर्फ धरायला लागल्यावर तापमान वर उसळतं ते कशाच्या जोरावर? बर्फ होताना सुटणाऱ्या उष्णतेच्या. एक ग्रॅम द्रावण ३.१ अंश तापवायला सुमारे ४.१८ × ३.१ = १३ जूल लागतात. एक ग्रॅम बर्फ तयार होताना ३३४ जूल सुटतात. म्हणजे १३/३३४, जवळपास ३.९ टक्के पाणी बर्फ होऊन बाहेर पडलं तेव्हा कुठे पारा वर आला.

बर्फात आम्ल जात नाही. ते सगळं उरलेल्या पाण्यात राहिलं. तिचं द्रावण ०.२ मोलॅल उरलंच नव्हतं, ०.२०८ झालं होतं. खरा उतार ०.४०२ धरला, तर ०.४०२ × १.०३९ = ०.४१८. ती वाचणार ०.४२. तिचं वाचन अगदी योग्य आहे, फक्त ते वेगळ्याच द्रावणाचं आहे.

तुझं द्रावण ०.६ अंशच खाली गेलं, म्हणून पाऊण टक्का बर्फ झाला. ०.४०५ होईल, तू ०.४० वाचलंस. शुद्ध पाण्याला याने काही होत नाही, कारण त्यातलं कितीही पाणी बर्फ झालं तरी मागे उरतं तेही पाणीच. म्हणून पाण्याचं वाचन बरोबर आलं म्हणजे द्रावणाचंही येईल, असं नाही.

अंदाजाला एवढं लक्षात ठेव: प्रत्येक अंश अतिशीतनाला सव्वा टक्का. चार टक्क्यांची वाढ मोलर मासमध्ये चारच टक्क्यांनी दिसते. पण α हा i मधून १ वजा करून उरलेला शेपटाचा भाग आहे, त्यामुळे अख्खी चूक त्या छोट्या आकड्यावर येऊन पडते. आठाचे बारा-तेरा होतात ते असे. आणि Ka मध्ये α चा वर्ग असल्याने तिथे तिप्पट.

तर्कट

हिशोब पटला, पण नळीची काच, ढवळणी, थर्मामीटरचा फुगा यांनाही तापावं लागतं की. शिवाय बाहेरचं बर्फ-मीठ सुटलेली उष्णता ओढून घेतच असतं. म्हणजे बर्फ ३.९ टक्क्यांपेक्षा जास्त झाला असणार.

खडूफळा

हो, ३.९ ही खालची मर्यादा समजा. बाहेरचं भांडं फार थंड असेल तर पारा सपाट थांबतच नाही, हळूहळू घसरत राहतो, कारण बर्फ वाढत जातो. म्हणूनच नळीभोवती हवेचं आवरण म्हणून दुसरी रुंद नळी देतात. मुलं घाईत ती काढून टाकतात. आलेखावर सपाट भागाऐवजी उतार दिसला तर तो मागे ओढत नेऊन थंड होण्याच्या रेषेला जिथे मिळतो, तो बिंदू घ्यायचा.

गोकुळ

आता प्रश्न कळला. आमच्या क्रायोस्कोपची गंमत सांगतो, कामी येईल. आमचं मशीन नमुना मुद्दाम गोठणबिंदूच्या दोन-तीन अंश खाली नेतं, मग झटका देऊन गोठवतं आणि वर आल्यावर वाचतं. आकडा हजाराव्या भागापर्यंत देतं. तुमच्या हिशोबाने त्यातही बर्फ होऊन दूध घट्ट होतच असणार. तरी आकडे बरोबर येतात, कारण आम्ही मशीन नुसत्या पाण्यावर लावत नाही. पाणी एक, आणि ठरीव मिठाचं द्रावण दुसरं. त्या मिठाच्या पाण्यालाही तेवढंच खाली नेऊन तसाच झटका बसतो. दोन्हीकडे सारखी चूक, म्हणून निघून जाते.

खडूफळा

गोकुळ, हे तुम्ही फार कामाचं सांगितलंत. सायली, हेच तुझ्या टेबलावर करता येईल. मीठ नको, ते स्वतःच फुटतं. युरिया घे. १.२० ग्रॅम युरिया १०० ग्रॅम पाण्यात, तेही ०.२ मोलॅल. युरिया फुटत नाही, जोड्याही फारशा करत नाही, म्हणून त्याचा i एक धरायला हरकत नाही. त्याच नळीत, तेवढंच द्रावण घेऊन, पारा तेवढाच खाली गेल्यावर बर्फाचा कण टाक. मग आम्लाचा उतार भागिले युरियाचा उतार म्हणजेच i. Kf किती धरायचा, बर्फ किती झाला, नळीने किती उष्णता खाल्ली, हे सगळं भागाकारात कटतं.

सायली_टीवाय

आज केलं, सरांनी परवानगी दिली. दोन्ही वेळा पारा सुमारे दोन अंश अतिशीत होऊ दिला आणि मग कण टाकला. युरिया ०.३८, आम्ल ०.४१.

```
i = 0.41 / 0.38 = 1.079
α = 0.079
Ka = 0.2 × 0.079² / 0.921 = 1.36 × 10⁻³
```

तक्त्याच्या एकदम जवळ! गंमत म्हणजे जुन्या पद्धतीने ०.४१ थेट Kf मध्ये टाकलं असतं तर α १० टक्के आला असता.

तर्कट

अभिनंदन, पण इतकं खूश होऊ नका. दोन्ही वाचनांत ०.००५ ची अनिश्चितता आहे. ०.४१५ / ०.३७५ = १.१०७ आणि ०.४०५ / ०.३८५ = १.०५२. तुमचा α ५ ते ११ टक्क्यांत कुठेही असू शकतो. तक्त्याशी जुळला यात थोडं नशीब आहे.

खडूफळा

तर्कट यांचा मुद्दा वहीत लिही, खोडू नकोस. युरियाने एकाच बाजूला ढकलणारी चूक गेली, वाचनातली डगमग राहिली. ती बेकमन थर्मामीटरनेच कमी होईल. त्याच्यावर शंभराव्या भागाच्या खुणा असतात, भिंगाने ०.००२ पर्यंत जाता येतं. कॉलेजच्या कपाटात एखादा असतो, पारा फुटेल म्हणून कुणी काढत नाही.

दुसरं, ते आम्ल हवेतलं पाणी ओढतं. बाटली कितीदा उघडलीय कोण जाणे. १.८९ ग्रॅममध्ये दोन टक्के पाणी असेल तर आम्ल तेवढं कमी, आणि α आठावरून सहाच्या आसपास दिसेल. म्हणून गोठणबिंदू घेतल्यावर त्याच द्रावणाचा थोडा भाग NaOH ने, फिनॉल्फ्थॅलिन घालून, थंडच टायट्रेट कर. गरम केलंस तर NaOH मुळे क्लोराइडही सुटायला लागेल. टायट्रेशनमधून जी मोलॅलिटी येईल ती वजनाच्या मोलॅलिटीऐवजी वापर. हातमोजे घाल, हे आम्ल कातडी जाळतं.

आणि हा α उणे ०.४ अंशाचा आहे, तक्त्यातला Ka २५ अंशाचा. या आम्लाला फरक फार मोठा नाही, पण दशांशापुढचे आकडे जुळवत बसू नकोस.

विरळ_द्रावण

हे सगळं दुबळ्या आम्लाचं. मीठ घ्या ना! ०.१ मोलॅल NaCl चा i १.८७ मिळतो, α सरळ ८७ टक्के. चुकीला जागाच नाही.

तर्कट

जागाच नाही कशी? NaCl स्फटिकातच आयनांचं असतं. पाण्यात गेल्यावर १३ टक्के पुन्हा NaCl चे रेणू होतात की काय?

खडूफळा

इथे सूत्र आकडा देतं, पण त्या आकड्याला "फुटलेला भाग" म्हणता येत नाही. अ‍ॅरेनियसने १८८७ मध्ये आयनांची कल्पना मांडली ती अशाच i च्या आकड्यांच्या आणि विद्युतवाहकतेच्या आधारावर, आणि दुबळ्या आम्लांना ती छान बसली. तीव्र क्षारांना बसेना. NaCl चा i ०.०१ मोलॅलला १.९४ आणि ०.००१ ला १.९७. तो दोनकडे सरकतो, पण ऑस्टवाल्डच्या नियमाने सरकत नाही. ८७ टक्क्यांवरून Ka काढून बघा: ०.१ मोलॅलला ०.५८ येतो, आणि ९४ टक्क्यांवरून ०.०१ ला ०.१५. दुबळ्या आम्लाला दोन्हीकडे एकच आकडा यायला हवा होता.

१९२३ मध्ये डिबाय आणि ह्युकेल यांनी हिशोब मांडला की विरुद्ध भाराचे आयन भोवती गोळा होतात म्हणून प्रत्येक आयन पूर्ण एका कणाइतका परिणाम करत नाही. सगळं मीठ फुटलेलंच असतं. परीक्षेत "α काढा" म्हटलं तर काढा, मार्क मिळतील. त्याचा अर्थ १३ टक्के मीठ न फुटलेलं, असा घेऊ नका.

विरळ_द्रावण

मग MgSO₄ चं काय? ०.१ मोलॅलला i फक्त १.२१. तेही सगळं फुटलेलं म्हणायचं?

खडूफळा

नाही, तिथे मी तसं म्हणणार नाही. दोन-दोन भारांचे आयन एकमेकांना इतके घट्ट ओढतात की खरोखर जोड्या बनून फिरतात. पण २१ टक्केच सुटे, हेही खरं नाही. काही घट जोड्यांमुळे, काही भोवतीच्या गर्दीमुळे, आणि एकट्या गोठणबिंदूवरून कोणती किती ते वेगळं करता येत नाही.

तर्कट

शिवाय मध्ये पाण्याचा रेणू ठेवून चिकटलेली जोडी एक कण मोजायची की दोन? यावर आमच्या एमएस्सीच्या वर्गात दोन तास गेले होते.

सायली_टीवाय

माझी मैत्रीण विचारतेय, तिने जुनं ०.४२ चं वाचन दुरुस्त करून लिहिलं तर चालेल का? ०.४२ भागिले १.०३९ म्हणजे ०.४०४, α ८.७ टक्के.

खडूफळा

मूळ वाचन ०.४२ तसंच ठेवायचं. खाली उणे ३.५ ची नोंद, बर्फाचा हिशोब आणि दुरुस्त आकडा वेगळा लिहायचा. आणि काचेची उष्णता धरलेली नाही, म्हणून दुरुस्ती कमीच पडली असेल, हेही. माझ्याकडे वही आली असती तर तिला तुझ्यापेक्षा अर्धा मार्क जास्त दिला असता.

गोकुळ

सर, एक राहिलंच. दुधातल्या साखरेचा i एक, पण क्षारही असतात. दूध आंबायला लागलं की आमचा आकडा आणखी उणे होतो. तेही कण वाढल्यामुळेच का?

खडूफळा

हो. लॅक्टोजच्या एका रेणूपासून लॅक्टिक आम्लाचे चारपर्यंत रेणू होतात. ते डिसोसिएशन नव्हे, जिवाणूंची करणी, पण थर्मामीटरला कणांचा उगम कळत नाही. म्हणून आंबलेल्या दुधात पाणी असलं तरी ते तुमच्या मशीनला झाकलेलं राहू शकतं. आधी आम्लता बघत असालच.

गोकुळ

बघतो. आम्लता जास्त निघाली तर तो नमुना क्रायोस्कोपला लावतच नाही.